आजींचा गोंधळ आणि गोळ्यांची पिशवी

आजच्या आरोग्याच्या भागात आपण अशा औषधांबद्दल बोलणार आहोत, जी बहुतेक घरांत आहेत, ज्यांतली काही बिनाचिठ्ठीची मिळतात, आणि ज्यांच्यामुळे वयस्कर माणसाची बुद्धी गढुळते. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले आहेत, किंवा सासू-सासरे कायमचे तुमच्याकडे राहतात, तर हा भाग तुमच्यासाठी आहे. ऐकायला जमलं नसेल, तर ही संहिता सावकाश वाचा आणि वाचताना घरातल्या औषधांचा डबा जवळ ठेवा.

आधी थोडं शरीराबद्दल. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांमार्फत. त्यातलं एक रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. लक्ष एका गोष्टीवर टिकवणं, नुकतंच ऐकलेलं लक्षात ठेवणं, या कामांत त्याचा मोठा वाटा आहे. हेच रसायन मेंदूबाहेरही काम करतं. तोंडाला पाणी सुटतं, आतडी हलतात, लघवीची पिशवी आवळते, डोळ्याची नजर जवळच्या अक्षरांवर स्थिरावते, या सगळ्यात त्याचा हात असतो.

आता काही औषधं अशी आहेत की ती या निरोप्याची जागा अडवून बसतात. निरोप येतो, पण दार आधीच अडलेलं असतं. अशा औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. कधी हा परिणाम आपल्याला हवा असतो. लघवीची पिशवी वेळी-अवेळी आवळत असेल, तर ऑक्सिब्युटिनिनची गोळी तिला शांत करते. पोटात मुरडा येत असेल, तर डायसायक्लोमीनने आतडी सैलावतात. पण औषधाला पत्ता कळत नाही. ते पिशवीपाशी थांबत नाही, मेंदूतही पोचतं आणि तिथलं दारही अडवतं. काही औषधांत तर हा परिणाम कुणाला नकोच असतो. जुन्या प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या जातात शिंका थांबवायला, आणि हे सोबत येतं.

मग हेच औषध तिशीतल्या माणसाला फारसा त्रास देत नाही आणि सत्तरीनंतर का देतं? कारणं मुख्यतः दोन. पहिलं, वयाबरोबर मेंदूतल्या या रसायनाची शिल्लक कमी झालेली असते. बँकेत भरपूर पैसे असताना हजार रुपये कापले गेले तर कळत नाही, पण खात्यात दोनच हजार असतील तर महिनाअखेर अडते. दुसरं, यकृत आणि मूत्रपिंडं हळू काम करतात, म्हणून औषध शरीरात जास्त वेळ राहतं.

हे दुसरं कारण एका आकड्याने पाहू. डायफेनहायड्रामीन हे अमेरिकेतल्या ‘पीएम’ नावाच्या झोपेच्या गोळ्यांत असणारं औषध. तरुण माणसाच्या शरीरातून त्याचा निम्मा भाग बाहेर जायला साधारण ९ तास लागतात. वयस्कर माणसाला साधारण साडेतेरा. म्हणजे रात्री दहाला ५० मिलिग्रॅम घेतलं, तर दुसऱ्या दिवशी साडेअकराला, जेवणाची तयारी सुरू असताना, निम्मं औषध अजून अंगात असतं. पुन्हा रात्री दहा वाजतात तेव्हा ढोबळ हिशोबाने १५ मिलिग्रॅमच्या आसपास उरलेलं असतं, आणि त्यावर नवे ५० येतात. झोप आणायचा गुण मात्र काही दिवसांतच कमी होत जातो. झोपेचा फायदा घटतो आणि दिवसाचा गुंगारा राहतो.

आता एक उदाहरण घेऊ. ही कुणा एका कुटुंबाची हकीकत नाही, पण यातली एकेक गोष्ट घरोघरी घडते, म्हणून ती एकत्र गुंफली आहे.

आजी ७६ वर्षांच्या, नाशिकच्या. मधुमेह आहे, रक्तदाब आहे. तळपायांची आग होते म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिलं होतं. लघवीला घाई होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. या दोन्ही गोळ्या त्या वर्षभर घेत होत्या. तोंड कोरडं पडायचं, शौचाला साफ होत नव्हतं, पण त्याला वयाचं कारण मिळालं होतं. डोकं उत्तम चालत होतं. किराण्याचा हिशोब तोंडपाठ.

त्या न्यू जर्सीला मुलाकडे आल्या. दिवस-रात्र उलटी झाली, झोप लागेना. सुनेने दुकानातून आणलेल्या टायलेनॉल पीएमच्या दोन गोळ्या रात्री दिल्या. प्रत्येक गोळीत २५ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामीन, म्हणजे दोनात ५०. तिसऱ्या दिवशी सर्दी झाली. आजींनी पर्समधली सिनारेस्टची पट्टी काढली, आणि दिवसातून दोनदा घेतली. त्यात क्लोरफेनिरामीन असतं, तेही याच जातीचं.

पाचव्या रात्री तीनला त्या उठून दार उघडत होत्या. वाड्यातली विहीर कुठे गेली, विचारत होत्या. मुलाला त्यांनी आपल्या भावाच्या नावाने हाक मारली. चादरीवर काही नसताना बोटांनी काहीतरी वेचत होत्या. सकाळी थोड्या बऱ्या, दुपारी पुन्हा तसंच. घरात कुजबुज सुरू झाली: आईला स्मृतिभ्रंश सुरू झाला. आता काय करायचं, परत पाठवायचं का, की इथेच ठेवायचं?

इथे थांबून पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, हे अचानक झालं. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस बदलला, दिवसभरात कमी-जास्त होत राहिला, लक्ष एका जागी ठरत नसलं, तर त्याला डेलिरियम म्हणतात, मराठीत भ्रम किंवा वातभ्रम. त्याचं कारण बहुधा शरीरात असतं आणि बऱ्याचदा ते दूर करता येतं. दुसरी गोष्ट, आजींचं तोंड कोरडं पडलं होतं, चार दिवस शौचाला झालं नव्हतं, ओटीपोट फुगलं होतं आणि लघवी थेंबथेंब होत होती. हे सगळं डोक्याचं काम नाही. तोंड, आतडी, पिशवी आणि मेंदू, सगळीकडे एकच निरोप्या अडवला गेला होता.

मुलाने ९११ ला फोन केला, आणि ते बरोबर केलं. रुग्णालयात त्यांनी साखर, सोडियम आणि लघवी तपासली, छाती पाहिली. ते सगळं ठीक निघालं. पिशवीचं स्कॅन केलं तर तीत ६०० मिलिलीटरहून जास्त लघवी अडकलेली. नळी घालून ती काढली. मग परिचारिकेने विचारलं, ‘‘घरून कोणकोणती औषधं आणली आहेत?’’ मुलाने मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी सांगितली. पीएमची गोळी त्याला औषध वाटलीच नव्हती. सिनारेस्ट तर त्याला माहीतच नव्हती. सुनेने घरी जाऊन आजींची पर्स आणि उशीखालची पिशवी आणली, तेव्हा चित्र पूर्ण झालं.

डॉक्टर अशा वेळी एक ढोबळ मोजपट्टी वापरतात. तिला अँटिकोलिनर्जिक भाराचं मोजमाप म्हणतात. प्रत्येक औषधाला १, २ किंवा ३ गुण. अ‍ॅमिट्रिप्टिलीनला ३. ऑक्सिब्युटिनिनला ३. डायफेनहायड्रामीनला ३. क्लोरफेनिरामीनलाही ३. बेरीज ३ किंवा जास्त असेल तर लक्ष घालायचं. आजींची बेरीज १२ झाली होती. ही मोजपट्टी परिपूर्ण नाही, कारण ती १० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम यांत फरक करत नाही. पण ती एक गोष्ट नीट दाखवते: यातली एकही गोळी एकटीने घातक नव्हती. नाशिकच्या डॉक्टरांना सर्दीची गोळी ठाऊक नव्हती, सुनेला अ‍ॅमिट्रिप्टिलीन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. प्रत्येकाने आपापली एक गोळी दिली, आणि बेरीज कुणीच केली नाही.

त्यांनी पीएमची आणि सर्दीची गोळी लगेच बंद केली, ऑक्सिब्युटिनिन थांबवलं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन मात्र एकदम काढलं नाही, नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केलं. तीन दिवसांत आजी घरातल्यांना ओळखू लागल्या. पूर्वीसारखा हिशोब जमायला मात्र दोन-तीन आठवडे गेले. असंच होतं. औषध अंगातून गेलं की दुसऱ्या दिवशी सगळं साफ, असं नसतं. भ्रम काही वेळा आठवडे रेंगाळतो, आणि काही वेळा त्यामागे खरंच सुरू झालेला स्मृतिभ्रंश लपलेला असतो, तो नंतर कळतो. म्हणून सुधारणा झाल्यावरही दोन-तीन महिन्यांनी स्मृतीची तपासणी करून घ्यावी.

ही यादी पाठ करायची गरज नाही, पण कोणत्या कपाटात पाहायचं ते सांगतो. झोपेच्या दुकानी गोळ्या: टायलेनॉल पीएम, अ‍ॅडव्हिल पीएम, झीक्विलची मूळ गोळी, नायक्विल. पहिल्या तिघांत डायफेनहायड्रामीन, नायक्विलमध्ये डॉक्सिलामीन. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी नायटॉल पाहावी. अ‍ॅलर्जी-खाजेच्या गोळ्या: अमेरिकेतली बेनाड्रिल, भारतातली अविल म्हणजे फेनिरामीन, अटारॅक्स म्हणजे हायड्रॉक्सिझिन, फेनरगन म्हणजे प्रोमेथाझिन. पोटाच्या मुरड्यासाठी सायक्लोपाम आणि मेफ्टाल स्पास, दोन्हीत डायसायक्लोमीन. नसांच्या दुखण्यासाठी आणि नैराश्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन, जे भारतात ट्रिप्टोमर नावानेही मिळतं. हातांच्या थरथरीसाठी पॅसिटेन, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. आणि लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा टोल्टेरोडीन.

नावावर मात्र विसंबू नका. बेनाड्रिल हेच बघा. अमेरिकेत त्या नावाच्या अ‍ॅलर्जीच्या गोळीत डायफेनहायड्रामीन असतं. ब्रिटनमध्ये त्याच नावाने अ‍ॅक्रिव्हास्टिन किंवा सेटिरिझिन मिळतं, जी वेगळी, नव्या पिढीची औषधं आहेत. खोक्यावरचं मोठं नाव दुकानाचं असतं, औषधाचं नाव लहान अक्षरांत असतं. अमेरिकेच्या खोक्यावर मागच्या बाजूला ‘अ‍ॅक्टिव्ह इन्ग्रिडियंट’ या शब्दाखाली ते सापडतं. भारतातल्या पट्टीवर ते चंदेरी कागदावर बारीक छापलेलं असतं, आणि गोळ्या कापत गेलं की तो भाग आधी फाटून जातो. म्हणून पट्टी आली की फोनवर तिचा फोटो काढून ठेवा.

दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. एक, स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल नावाची गोळी दिली जाते. ती अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून ठेवते, म्हणजे निरोप्याला मदत करते. तिच्यामुळे काहींना लघवीची घाई होते. मग दुसरे डॉक्टर घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन देतात, जी निरोप्याला अडवते. एक गोळी पुढे ओढते, दुसरी मागे, आणि माणूस मधल्या मध्ये बिघडत जातो. घरात डोनेपेझिल चालू असेल आणि लघवीसाठी नवी गोळी सुरू होत असेल, तर थेट विचारा: ‘‘ही त्या गोळीच्या विरुद्ध काम करते का?’’

दुसरी गोष्ट भीतीची. अशा गोळ्यांनी कायमचा स्मृतिभ्रंश होतो का? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल भागात ६५ वर्षांवरच्या ३,४३४ लोकांना सरासरी सात वर्षं पाहिलं गेलं, आणि त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी अशी औषधं सर्वांत जास्त घेतली, साधारण तीन वर्षांहून अधिक रोजच्या मात्रेइतकी, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या मोठ्या पाहणीत लघवीच्या, नैराश्याच्या आणि पार्किन्सनच्या या जातीच्या औषधांशी असा संबंध दिसला, पण अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांशी दिसला नाही. यावरून औषधानेच रोग झाला असं ठरत नाही. कारण स्मृतिभ्रंशाच्या कितीतरी आधी झोप उडते, मन खचतं, लघवीवरचा ताबा सुटतो, आणि त्यासाठीच या गोळ्या दिल्या जातात. आजचा गोंधळ औषधाने होतो, याबद्दल शंका नाही. पुढच्या रोगाबद्दल शंका बाकी आहे. पण शंका असतानाही, पर्याय उपलब्ध असेल तर वर्षानुवर्षं ही गोळी चालू ठेवायला कारण उरत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बिअर्स नावाची यादी ६५ वर्षांवरच्यांना जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या टाळायला सांगते.

आता घरी काय करायचं?

एका दुपारी बसून सगळं एका पिशवीत गोळा करा. डब्यातलं, पर्समधलं, उशीखालचं, फ्रिजमधलं, खोकल्याची बाटली, भारतातून कुणी आणून दिलेलं, शेजारणीने दिलेलं. ‘‘आई, तुमच्या औषधांची यादी करू’’ असं म्हणा. ‘‘काय काय गोळ्या खाता बघू’’ म्हटलं तर पर्स लपवली जाते. ती पिशवी घेऊन जवळच्या औषधदुकानातल्या फार्मासिस्टकडे जा. त्यांना एकच प्रश्न विचारा: ‘‘यांत अँटिकोलिनर्जिक कोणती, आणि एकत्र किती होतात?’’ या प्रश्नाला पैसे लागत नाहीत.

मग यादी डॉक्टरांकडे न्या. स्वतःहून काय बंद करता येईल? दुकानातून आणलेली झोपेची आणि जुन्या प्रकारची सर्दीची गोळी थांबवायला हरकत नसते. पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं काही स्वतः थांबवू नका. अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम बंद केलं तर मळमळ, घाम, झोपमोड किंवा थरथर वाढणं असं होऊ शकतं. ती पायरीपायरीने उतरवतात. डॉक्टरांना विचारा, ‘‘ही अजून लागते का, आणि याऐवजी दुसरं काही आहे का?’’ अ‍ॅलर्जीसाठी लोराटाडीन किंवा फेक्सोफेनाडीन बरी पडतात. लघवीच्या घाईसाठी ठरावीक वेळाने उठून जायची सवय आधी करून बघतात, आणि मग मिराबेग्रॉनसारखी गोळी असते. तिने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा लागतो. प्रवासानंतरची झोप सकाळच्या उन्हात अर्धा तास फिरून आणि दुपारी न झोपता चार-पाच दिवसांत सुधारते.

गोंधळ वाटत असेल, तर एक साधी परीक्षा घरी करता येते. आईला वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. जिला एरवी ते सहज जमतं, तिला आज मध्येच हरवल्यासारखं होत असेल, तर लक्ष विस्कटलंय हे कळतं. रुग्णालयात मराठी दुभाषा मागा. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला आजींनी ‘कळलं नाही’ म्हटलं, तर ते भाषेमुळे की भ्रमामुळे, हे डॉक्टरांना ठरवता आलं पाहिजे. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णालयांना दुभाषा मोफत द्यावा लागतो.

आणि हे लक्षात असू द्या: अचानक आलेला गोंधळ नेहमीच औषधाचा नसतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, कमी झालेली साखर किंवा सोडियम, पडून डोक्याला लागलेला मार, अर्धांगवायूचा झटका, यांतलं काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, ताप आला, किंवा जागं करूनही माणूस जागं होत नसेल, तर पिशवी तपासत बसू नका. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. औषधांची पिशवी मात्र सोबत घ्या.

पुढच्या वेळी भारतातून कुणी येणार असेल, तेव्हा विमानतळावर जाण्याआधी त्यांच्याकडून एवढंच मागवा: रोजच्या आणि कधीमधी लागणाऱ्या सगळ्या गोळ्यांचे फोटो, पट्टीच्या पाठीमागचे. त्या फोटोंत ट्रिप्टोमर किंवा ऑक्सिब्युटिनिन दिसलं, तर पीएमची गोळी दुकानातच राहू द्या.